खुर्चीत बसून एकोणपन्नास टक्के

विमा कंपनीच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पूर्वी उपाहारगृह होतं. कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारायचं ठरल्यावर आधी उपाहारगृह बंद झालं आणि तिथे व्यायामशाळा आली. चार सायकली, सहा ट्रेडमिल आणि समोरच्या भिंतीवर दारापेक्षा मोठा पडदा. छातीला पट्टा बांधायचा, पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा, आणि पडद्यावर प्रत्येकाचा कर्मचारी क्रमांक रंगीत चौकोनात उमटायचा. पन्नास ते साठ टक्के राखाडी, सत्तरपर्यंत निळा, ऐंशीपर्यंत हिरवा, नव्वदपर्यंत केशरी, त्यापुढे लाल. पन्नासच्या खाली असलेल्याला चौकोनच नाही. हिरव्या मिनिटाला दोन गुण, केशरीला तीन, राखाडीला भोपळा. महिनाअखेरीस सर्वाधिक गुणांना चषक.

चषक सलग सात महिने मोठ्या साहेबांना मिळाला होता. त्यामागे लांगूलचालन होतं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण हिशेब यंत्राचा होता. साहेब रोज सकाळी एक तास सायकलवर बसत आणि तासभर फोनवर बोलत. शाखाप्रमुखांना झापत, बायकोला गाडी कुठे पाठवायची ते सांगत, मधेच एखादा विनोद करून स्वतःच हसत. पडद्यावर त्यांचा चौकोन गवतासारखा हिरवागार असे.

यादीच्या तळाशी कायम एकच क्रमांक असे. तो रेकॉर्डबाईंचा. तळघरातल्या फायलींच्या खोलीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. वय छप्पन्न, बोलणं मोजकं. गेले पाच महिने बाई रोज ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटं चालत. उतरायच्या तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटलेला असायचा, आणि चौकोन राखाडी. महिन्याचे गुण शून्य. कल्याण अधिकारी दर महिन्याला त्यांना छापील पत्र पाठवत: 'आपल्या प्रयत्नांत वाढ अपेक्षित आहे.' बाईंनी पाचही पत्रं एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवली होती. त्यांच्या हाताला ती सवयच होती.

व्यायामशाळेत शिकवायला एक तिशीतली मुलगी होती. गळ्यात शिट्टी असायची म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणत. आधी दोन वर्षं तिने एका हृदयरोग केंद्रात, ऑपरेशन झालेल्या लोकांना चालवायचं काम केलं होतं. इथे तिच्याकडून अपेक्षा एवढीच, की शिट्टी वाजवावी आणि साहेब उतरले की टाळ्या वाजवाव्यात.

एका सोमवारी तिने सहज दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. साहेब अख्खी वाक्यं बोलत होते, तीही अल्पविराम आणि शिव्यांसकट. रेकॉर्डबाईंना तिने विचारलं, "बाई, बरं वाटतंय ना?" बाई म्हणाल्या, "बरं..." मग दोन श्वास घेतले. "...वाटतंय."

पडदा म्हणत होता, साहेब घाम गाळताहेत आणि बाई टंगळमंगळ करताहेत.

शिट्टीने ट्रेडमिलचा पट्टा थांबवला, बाईंना खुर्चीवर बसवलं. "काही गोळ्या चालू आहेत का तुम्हाला?"

"बीपीची. दोन वर्षं झाली. का गं?"

"नाव सांगा."

बाईंनी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. शिट्टीने नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही गोळी हृदयाला वेग घेऊच देत नाही. कितीही धावा, ठोके एका मर्यादेपलीकडे चढायचे नाहीत. कोणी विचारलं नाही तुम्हाला?"

"अर्जात रकाना नव्हता," बाई म्हणाल्या.

चूक आपलीच, हे शिट्टीला कळलं. रकाना नसला तरी विचारायला तोंड होतं. पाच महिने ती त्यांच्याकडे पाहत होती ती पडद्यातून. "उद्यापासून सावकाश चाला," ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. पण सहावं पत्र येऊ नये अशी त्यांची फार इच्छा होती, हे दिसतच होतं.

बाईंकडे कागद मात्र सगळे होते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी चालू ठेवूनच त्यांची स्ट्रेस टेस्ट केली होती. त्यात थकून थांबेपर्यंत कमाल ठोके गेले एकशे अठरा. हृदयात दोष काही नाही, चालायला हरकत नाही, असा शेरा. पडदा मात्र सरसकट दोनशेवीस वजा वय करत होता, म्हणजे बाईंसाठी एकशे चौसष्ट. त्या अठ्ठ्याण्णव ठोक्यांवर चालत, ते या एकशे चौसष्टच्या साठ टक्क्यांना अगदी थोडक्यासाठी टेकत नव्हते. म्हणून राखाडी.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाता खाता शिट्टीने दोन पानांची टिपणी लिहिली. पहिल्या पानावर राखीव ठोक्यांची पद्धत होती. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे. उरतात ते राखीव, म्हणजे माणसाला श्रमासाठी खरोखर वापरता येणारे. टक्के या राखीवचे काढायचे आणि त्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. दुसऱ्या पानावर दोन सूचना होत्या. एक: ज्यांची कमाल तपासणीत मोजलेली आहे किंवा ज्यांना अशा गोळ्या आहेत, त्यांना वयाचं सूत्र लावू नये. दोन: पद्धत बदलली की रंगांच्या सीमाही बदलाव्यात, कारण राखीवचे सत्तर टक्के हे कमालच्या सत्तर टक्क्यांपेक्षा बरेच कष्टाचे असतात, राखीव पद्धतीत चाळीस ते साठ म्हणजे मध्यम श्रम, साठच्या वर जोराचे.

कल्याण अधिकारी टिपणी वाचताना ओठ हलवत होते. "पण जुन्यात वाईट काय आहे?" त्यांनी विचारलं. "टक्के म्हणजे टक्के."

"जुनी पद्धत शून्यापासून मोजते, सर. जिवंत माणूस शून्यावर नसतो. समजा एखाद्याचं वय बावन्न, कमाल एकशे अडुसष्ट, आणि नुसतं पडल्या पडल्या ठोके ब्याऐंशी. जुन्या हिशेबाने त्याचे एकोणपन्नास टक्के झाले. हलायच्या आधी."

"म्हणजे खुर्चीत बसून..."

"खुर्चीत बसून एकोणपन्नास टक्के व्यायाम. अजून दोन-तीन ठोके वाढले, चहा आला नाही म्हणून चिडला, की राखाडी चौकोन."

अधिकाऱ्यांना हसू आलं, मग आपल्या साहेबांचं वय बावन्नच आहे हे आठवून ते गेलं. पण 'राखीव' हा शब्द त्यांना फार आवडला. मुख्यालयाला कळवायला भारदस्त होता. दोन दिवसांत परिपत्रक निघालं. त्याला टिपणीचं पहिलं पान जोडलेलं होतं. दुसरं पान स्टेपलरमध्ये अडकलं, अधिकाऱ्यांच्या टेबलावरच राहिलं आणि त्यावर कोणीतरी कप ठेवला.

प्रत्येकाने विश्रांतीचे ठोके मोजून द्यायचे होते: तीन दिवस, सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. शिट्टीने सांगताना चूक केली. ती म्हणाली, "तंदुरुस्त माणसाचे विश्रांतीचे ठोके बहुधा कमी असतात." बस्स. सोमवारी अर्ज आले तेव्हा अख्खी इमारत तंदुरुस्त झाली होती. लेखा विभागाच्या प्रमुखांनी चव्वेचाळीस लिहिले. जिना चढताना मधल्या मजल्यावर नोटीस बोर्ड वाचायच्या निमित्ताने थांबणारे ते गृहस्थ. कल्याण अधिकाऱ्यांनी अठ्ठेचाळीस. दावे विभागातल्या एकाने छत्तीस.

"छत्तीस?" शिट्टी म्हणाली. "अहो, खरंच छत्तीस असतील तर आधी डॉक्टरकडे चला."

"मग चाळीस करा," तो उदारपणे म्हणाला.

या खोटेपणाचा दुहेरी फायदा होता, आणि तो सगळ्यांना न शिकवता कळला. विश्रांतीचे ठोके कमी लिहिले की माणूस खेळाडू ठरतो, आणि वर तेवढ्याच मेहनतीला टक्केही जास्त पडतात. साहेबांचा अर्ज त्यांच्या सहायकाने भरला. साहेबांना विचारायची त्याला भीती वाटली, म्हणून त्याने साठ लिहिले. गोल आकडा, हुद्द्याला शोभेसा. रेकॉर्डबाईंनी तीन दिवसांचे तीन आकडे दिले, खाली सरासरी, खाली सही: पन्नास. नवऱ्याने घड्याळ धरलं होतं, अशी टीपही होती.

नव्या पद्धतीच्या पहिल्या सकाळी चौथा मजला भरून गेला. शिट्टीने पडदा सुरू केला आणि आकडे तपासले. पद्धत राखीव होती, पण कमाल सगळ्यांची वयावरूनच, आणि रंगांच्या सीमा जुन्याच. दुसरं पान कुठेच नव्हतं.

पाच मिनिटांत खोलीचा रंग उडाला. काल हिरवे असलेले निळे झाले, निळे राखाडी. लेखाप्रमुख चव्वेचाळीस लिहूनही राखाडीतच लोळत होते. "यंत्र गंडलंय," ते म्हणाले. "वायर बघा." साहेब नेहमीच्या एकशे अठ्ठावीस ठोक्यांवर फोनवर बोलत होते. पडद्यावर त्रेसष्ट टक्के. निळा.

आणि रेकॉर्डबाईंचा चौकोनच नव्हता. एकशे चौसष्टमधून पन्नास गेले, राखीव एकशे चौदा. त्याचे बेचाळीस टक्के. पन्नासच्या खाली, म्हणजे पडद्याच्या लेखी बाई तिथे नव्हत्याच. त्या पडद्याकडे पाहत, धापा टाकत, चालत राहिल्या. मग त्यांनी पट्ट्याचा वेग वाढवायला हात पुढे केला.

"बाई, नको!" शिट्टी ओरडली आणि तिने लाल बटण दाबलं. "हात नका लावू. तुम्ही आधीच फार करताय."

"पण मी दिसतच नाहीये गं."

"पडद्याची चूक आहे ती. तुमची नाही."

तेवढ्यात पलीकडे साहेबांनी फोन ठेवला. सात महिन्यांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर निळं राहणं त्यांना सोसवलं नाही. "हिरवा नको," ते दात-ओठ खात म्हणाले, "आता केशरीच दाखवतो." केशरीसाठी एकशे सत्तेचाळीस ठोके लागणार होते, तेही सहायकाने भरलेल्या साठच्या हिशेबाने. साहेब उभे राहून पायडल मारू लागले. चेहरा लाल, मान लाल, पडदा निळा, मग हिरवा. लोकांनी आपापली यंत्रं थांबवून पाहायला सुरुवात केली. केशरी चौकोन उमटला. टाळ्या पडल्या. साहेबांनी विजयाने दोन्ही हात वर केले, पायडल एकदम थांबवलं, खाली उतरले आणि सहायकाच्या खांद्यावर कलंडले.

शिट्टीने त्यांना जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर टेकवले, पाणी आणवलं, छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का हे दोनदा विचारलं. दुखत नव्हतं. चार मिनिटांत रंग परतला. "जोरात चालवून एकदम थांबलात, साहेब. रक्त पायात साचलं, डोक्याकडे कमी पडलं. पण आज डॉक्टरला दाखवा."

"मला काही झालेलं नाही," साहेब आडवेच म्हणाले. "यंत्राला झालंय."

दुपारी बैठक बसली. लेखाप्रमुख, कल्याण अधिकारी, सहायक आणि कोपऱ्यात शिट्टी. साहेब डॉक्टरकडे गेले होते, त्यामुळे प्रत्येकजण मोकळेपणाने त्यांच्या बाजूने बोलला. लेखाप्रमुखांनी तोडगा सुचवला: प्रथम श्रेणीच्या अधिकाऱ्यांना कमाल ठोक्यांची टक्केवारी आणि इतरांना राखीव पद्धत लावावी. "जबाबदारीनुसार," ते म्हणाले.

"हृदयाला श्रेणी नसते, सर," शिट्टी म्हणाली.

"ते तुमचं क्षेत्र झालं. हे प्रशासन आहे."

ठराव बिनविरोध मंजूर झाला. साहेबांनी सही करायची तेवढी राहिली होती.

साहेब तीन दिवस आलेच नाहीत. चौथ्या दिवशी शिट्टीला फोन आला. साहेबांच्या पत्नी होत्या. त्या पूर्वी परिचारिका होत्या, हे इमारतीत कोणाला माहीत नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण विश्रांतीचे ठोके लिहून ठेवा. तुमच्या अर्जात साठ कोणी लिहिले? मी तीन दिवस मोजले. ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ऐंशी."

"सरासरी ब्याऐंशी," शिट्टी म्हणाली. कल्याण अधिकाऱ्यांना दिलेलं आपलंच उदाहरण इतकं नेमकं बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मोजायला मला त्यांच्या आधी उठावं लागलं. डोळे उघडले की आधी मोबाइल बघतात. त्यानंतर मोजले तर ब्याण्णव." त्या थांबल्या. "तुम्ही त्यांना सरळ सांगा. घरी मी सांगून दमले."

सोमवारी साहेबांनी शिट्टीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सहीसाठी ठराव होता. दाराशी रेकॉर्डबाई उभ्या होत्या. हातात दोन फायली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"काय आहे?" साहेब म्हणाले.

"साहेब, एक शंका आहे," बाई म्हणाल्या. "आपण पॉलिसी देतो तेव्हा आधी वयाचं कोष्टक बघतो. पण अर्जदाराचा वैद्यकीय अहवाल फायलीला असला, तर आपण कोष्टक बाजूला ठेवतो आणि अहवाल धरतो. बरोबर ना?"

"अर्थात. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

"मग माझा अहवाल आहे." त्यांनी पहिली फाइल उघडली. "कमाल एकशे अठरा. मला कोष्टकाने एकशे चौसष्ट लावलेत. आणि ही पाच पत्रं, मी आळशी आहे म्हणून."

साहेबांनी अहवाल वाचला. मग पत्रं वाचली. पत्रांखाली त्यांचीच छापील सही होती, हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळलं. एकतीस वर्षं तळघरात असलेल्या बाईला असं काही बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते शिट्टीकडे वळले. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"दुसऱ्या पानावर होतं, सर."

दुसरं पान आणवलं गेलं. त्यावर कपाचा तपकिरी गोल होता, पण अक्षरं वाचता येत होती. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे मी सात महिने..."

"तुमच्या एकशे अठ्ठावीस ठोक्यांवर, खऱ्या ब्याऐंशीच्या हिशेबाने, तुम्ही साधारण त्रेपन्न टक्क्यांवर होता. मध्यम श्रम. म्हणूनच फोनवर बोलता येत होतं. वाईट काहीच नाही त्यात, साहेब. चांगलाच व्यायाम आहे. फक्त तो चषकाचा नाही."

साहेबांनी ठराव घेतला, उभा फाडला, आणि दुसऱ्या पानावर, कपाच्या गोलाच्या आत, 'मंजूर' लिहिलं. त्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. घरी गेल्यावर विचारणारं कोणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी शिट्टीने एकेकाचे आकडे नव्याने भरले. ज्यांचे विश्रांतीचे ठोके पन्नासच्या खालचे होते त्यांना तिने नम्रपणे पुन्हा मोजायला सांगितलं, आणि लेखाप्रमुखांचे चव्वेचाळीस एका रात्रीत अठ्ठ्याहत्तर झाले. रंगांच्या सीमा बदलल्या. आता चाळीस ते साठ हिरवा, साठच्या वर केशरी.

रेकॉर्डबाई सवयीने आपल्या नेहमीच्या वेगाने चालू लागल्या. ठोके अठ्ठ्याण्णव. एकशे अठरातून पन्नास गेले, राखीव अडुसष्ट. वर चढलेले अठ्ठेचाळीस. पडद्यावर एकाहत्तर टक्के उमटले. केशरी! खोलीत तो एकच केशरी चौकोन होता. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. कल्याण अधिकारी मोबाइलवर फोटो काढायला धावले. बाईंनी सहा महिन्यांत पहिल्यांदा पडद्याकडे हसून पाहिलं.

शिट्टी मात्र त्यांच्या पट्ट्याकडे धावली. "हळू करा, बाई, हळू! हे आनंदाचं नाही. रोज एवढं करत होतात तुम्ही!"

"पण केशरी आहे."

"म्हणूनच तर. चौऱ्याऐंशी ते नव्वद ठोक्यांत चाला. हिरव्यात. पुरे झालं ते."

टाळ्या जरा अवघडून थांबल्या. लोकांना कळेना की कौतुक करावं की काळजी. बाईंनी वेग कमी केला. हळूहळू चौकोन हिरवा झाला, त्यांचा श्वास खाली बसला, आणि त्या चालता चालता शेजारच्या मुलीला तळघरात पाणी कसं झिरपतं आणि जुन्या पॉलिसी कशा वाळवाव्या लागतात ते सांगू लागल्या. त्यांना एवढं बोलताना ऐकून ती मुलगी स्वतःचा पट्टा सुरू करायचं विसरली.

चषक तांत्रिक कारणास्तव बंद झाला. साहेब सायकलवर येत राहिले, फोन सहायकाकडे देऊन. लेखाप्रमुखांनी योगासनं सुरू केली, कारण त्यात पडदा नव्हता. कल्याण अधिकाऱ्यांनी प्रत्येकाचे ठोके असलेलं सुबक कार्ड छापून घेतलं, प्लास्टिकमध्ये बंद करून, कंपनीच्या बोधचिन्हासह.

कार्डं वाटून आठवडा झाला असेल, तेव्हा रेकॉर्डबाई शिट्टीकडे आल्या. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली होती.

"मग कार्ड बाद," शिट्टी म्हणाली. "विश्रांतीचे ठोकेही वाढतील, कमालही. डॉक्टरांना विचारा पुन्हा टेस्ट कधी करायची. तोवर वेग वाढवू नका."

बाईंनी कार्ड परत द्यायला ते कल्याण अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. अधिकारी रडकुंडीला आले. त्यांनी शिट्टीला बोलावून घेतलं. "अहो, पन्नास कार्डं छापलीत. हा आकडा असा किती वेळा बदलणार?"

"गोळी बदलली की. सवय झाली की. आजारी पडल्या की. वय वाढलं की."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"त्या जिवंत आहेत तोपर्यंत, सर."

अधिकाऱ्यांनी वही ओढली, रेकॉर्डबाईंच्या नावापुढे 'मुदत' असा नवा रकाना आखला आणि पेन हातात धरून विचार करत बसले.